भुकेतला ‘ख’ कुणी काढला?

गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होते. इंदापूरकडून आलेला नववीतला एक मुलगा पाणीटंचाईवर बोलत होता. टँकरच्या रांगेत आई रात्रभर कशी उभी राहायची ते सांगताना तो म्हणाला, “पहाटे तीनला आमचा लंबर लागायचा.” सभागृहात हशा पिकला. मुलगा क्षणभर थांबला, मग त्याने भाषण पूर्ण केलं. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी ‘उच्चारशुद्धी’च्या रकान्यात दहापैकी चार गुण लिहिले. चहाच्या वेळी ते मला म्हणाले, “मुलगा हुशार आहे हो, पण जिभेला वळण नाही. आळशी जीभ.”

तेव्हा मी गप्प बसले, आणि ते मला अजून बोचतं. कारण ‘लंबर’चा जिभेच्या आळसाशी काही संबंध नाही. एवढंच असतं तर हा एका स्पर्धेपुरता प्रश्न होता. पण आळसाची ही कल्पना आपल्या पाठ्यपुस्तकांत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि मराठीच्या वर्गांतही बसलेली आहे. तिथे तिला ‘मुखसुख’, ‘उच्चारसुलभता’, ‘प्रयत्नलाघव’ अशी चांगली नावं आहेत. शब्दातले आवाज बदलले की कारण एकच: तोंडाला सोपं वाटलं. माझं म्हणणं असं की हे उत्तर एका प्रकारच्या बदलांना लागू पडतं आणि दुसऱ्या प्रकाराबाबत चुकीचं आहे. कुठे लागू पडतं आणि कुठे नाही हे कळलं, तर काही बदल सर्रास का होतात आणि काही क्वचितच का, हेही कळतं.

लागू पडणारा भाग आधी घेऊ. ‘एकदा’ हा शब्द सहज, वेगात म्हणून बघा. बहुतेकांच्या तोंडून ‘एग्दा’ येतं. पुढे ‘द’ आहे, त्याला गळ्यातला घोष लागतो. तो घोष जरा आधीच सुरू होतो आणि ‘क’ला ‘ग’ करून टाकतो. ‘पाच जण’चं ‘पाज्जण’ होतं तेही याच रीतीने. एक आवाज शेजारच्यासारखा झाला, याला समीकरण म्हणतात. संस्कृतातून प्राकृतात येताना याच बदलाने शब्दांचे ढीगच्या ढीग बदलले. ‘सप्त’चं ‘सत्त’ झालं आणि मग ‘सात’, ‘कर्म’चं ‘कम्म’ आणि मग ‘काम’, ‘दुग्ध’चं ‘दुद्ध’ आणि मग ‘दूध’. समीकरण किती नेमाने होतं याचा पुरावा आपल्या लिपीतच आहे. पंख, चंचल, अंडे, अंत, पंप या पाच शब्दांत डोक्यावर एकच टिंब आहे, पण उच्चार पाच वेगवेगळे आहेत: ङ, ञ, ण, न, म. पुढचा आवाज जिथे, तिथला अनुनासिक. पाणिनीने याला परसवर्ण म्हटलं. हा बदल इतका खात्रीचा आहे की पाच आवाजांसाठी एक टिंब लिहिलं तरी कुणाचं अडत नाही, वाचणारा बरोबर तोच आवाज काढतो.

विषमीकरण याच्या उलट. शब्दात दोन सारखे आवाज असतात आणि त्यातला एक बदलून वेगळा होतो. हेही मराठीत आहे, पण त्याच्यासाठी असं एखादं टिंब कधीच मिळणार नाही. ते एका शब्दात होतं आणि तशाच दुसऱ्या शब्दात होत नाही. पोर्तुगीज ‘लेलांव’ हिंदीत गेला तेव्हा त्यातल्या दोन ‘ल’पैकी पहिल्याचा ‘न’ झाला: नीलाम. मराठीत तोच शब्द ‘लिलाव’ म्हणून आला आणि दोन्ही ‘ल’ घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आजही रोज ऐकू येतो. मराठी जिभेला दोन ‘ल’ जड जातात म्हणावं, तर ‘लांगल’चा ‘नांगर’ करणारी मराठीच, आणि ‘ललाट’चं ‘निढळ’ करणारीही मराठीच. ‘निढळाचा घाम’ म्हणजे कपाळाचा घाम. त्या शब्दातल्या पहिल्या ‘ल’चा ‘न’ पाली-प्राकृतातच झाला होता. सुखच हवं होतं तर ‘लिलाव’मध्ये ते का नको झालं?

मुखसुखाची दुसरी अडचण अशी की ते दोन्ही बाजूंनी साक्ष देतं. दोन वेगळे आवाज सारखे झाले तरी सोपं झालं, दोन सारखे आवाज वेगळे झाले तरी सोपं झालं. जे कारण उलटसुलट दोन्ही गोष्टींना चालतं, त्यातून कुठली गोष्ट जास्त घडेल हे कसं सांगणार? आणि प्रत्यक्षात तर फरक मोठा आहे. समीकरण जगातल्या बहुतेक भाषांत नियम म्हणून सापडतं. विषमीकरण बहुधा सुट्या शब्दांत सापडतं, आणि नियम म्हणून क्वचित.

आता एक शब्द नीट उलगडून बघू. शब्द रोजचा आहे: भूक.

याचं मूळ ‘बुभुक्षा’, म्हणजे खाण्याची इच्छा, ‘भुज्’ या धातूपासून. अशी इच्छा दाखवायची तर संस्कृतात धातूचं पहिलं अक्षर दोनदा म्हणतात. तेव्हा व्हायला हवं होतं ‘भुभुक्षा’. झालं मात्र ‘बुभुक्षा’. पहिल्या ‘भ’मधला हकार, म्हणजे ‘ह’चा श्वास, गेला आणि ‘ब’ उरला. हा अपवाद नाही, संस्कृतात हा नियमच आहे: ‘भू’पासून ‘बभूव’, ‘धा’पासून ‘दधाति’, ‘भी’पासून ‘बिभेति’. पाणिनीने तो ‘अभ्यासे चर्च’ या सूत्रात नोंदवला. पुढे १८६३ मध्ये हेर्मान ग्रासमान या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की संस्कृत आणि ग्रीक या दोन्ही भाषांत हेच घडलं आहे: जवळजवळच्या दोन महाप्राणांपैकी, म्हणजे ख, ध, भ अशा हकार असलेल्या व्यंजनांपैकी, पहिला अल्पप्राण होतो, म्हणजे हकार सोडतो. विषमीकरणाच्या नियमित उदाहरणांत हे सर्वांत प्रसिद्ध. हा माणूस शाळेत शिकवायचा, आणि ऋग्वेदाचा कोशही त्याने केला.

संस्कृतात हा हकार नुसता हरवत नाही, दडून बसतो. गीतेतला ‘कामधुक्’ हा शब्द आठवा. धातू ‘दुह्’, म्हणजे दूध काढणे. ‘दोहन’मध्ये ‘द’ आहे, मग ‘कामधुक्’मध्ये ‘ध’ कुठून आला? मुळात या धातूच्या दोन्ही टोकांना महाप्राण होते. शेवटचा टिकतो तेव्हा पहिला पडतो, म्हणून ‘दुह्’. शब्दाच्या अंती शेवटचा महाप्राणच उरत नाही, तेव्हा पहिल्याला पाडायला कुणी राहत नाही आणि तो परत दिसतो: ‘धुक्’. पडण्याचं कारण दुसरा हकारच होता, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

आता ‘बुभुक्षा’ प्राकृतात येते. पहिलं अक्षर गळतं, ‘क्ष’चा ‘क्ख’ होतो (दोन वेगळ्या व्यंजनांचं जोडाक्षर एकसारखं झालं, म्हणजे समीकरण), आणि शब्द होतो ‘भुक्खा’. पुढे जोडाक्षर सुटून स्वर दीर्घ होतो: ‘भूख’. हिंदी इथेच थांबली. आता शब्दात पुन्हा दोन महाप्राण आले, ‘भ’ आणि ‘ख’. मराठीने त्यातला दुसरा सोडला आणि झालं ‘भूक’. एकाच शब्दाच्या आयुष्यात विषमीकरण दोनदा झालं: पहिल्यांदा पुढचा हकार गेला, दुसऱ्यांदा मागचा.

हा एकटादुकटा शब्द नाही. हिंदी भीख, मराठी भीक. हाथ आणि हात, हाथी आणि हत्ती, ढीठ आणि धीट, धंधा आणि धंदा. गणपतीत रस्त्यारस्त्यावर वाजते ती आपली ‘झांज’, हिंदीत ‘झाँझ’. लावणीत बांधतात ते ‘घुंगरू’, हिंदीत ‘घुँघरू’. ‘स्कम्भ’चा प्राकृतात ‘खंभ’ झाला, हिंदीत ‘खंभा’ राहिला, आपला ‘खांब’. ‘स्तम्भ’वरून प्राकृत ‘थंभ’, आपलं ‘थांबणे’.

कुणी म्हणेल, मराठीला मागचा हकार मुळातच झेपत नसेल, यात दोन महाप्राणांचा काय संबंध? ही शंका रास्त आहे आणि ती तपासता येते. ज्या शब्दांत आधी महाप्राण नाही, असे शब्द शेजारी ठेवून बघायचे. ‘धीट’मधला ‘ठ’ गेला, पण त्याच ‘ष्ट’-‘ष्ठ’पासून आलेल्या ‘आठ’, ‘पाठ’, ‘मूठ’मध्ये तो ठणठणीत आहे. ‘भूक’, ‘भीक’मधला ‘ख’ गेला, ‘काख’ आणि ‘राख’ मधला राहिला. ‘हात’मधला ‘थ’ गेला, तर ‘मस्तक’पासून आलेल्या ‘माथा’त आणि ‘पुस्तक’पासून आलेल्या ‘पोथी’त तो आहेच. ‘खांब’मध्ये ‘भ’ नाही, ‘कुंभार’ आणि ‘सांभाळणे’मध्ये आहे. म्हणजे जागा तीच, शेजार तोच, फरक एकच: शब्दात आधी एखादा महाप्राण किंवा ‘ह’ आहे की नाही.

ही तपासणी मी वर्गात विद्यार्थ्यांकडूनच करून घेते. फळ्यावर दोन रकाने पडले की नियम मुलांना स्वतःला दिसतो, मला सांगावा लागत नाही. मात्र दरवर्षी कुणीतरी दोन शब्द काढतं, आणि ते काढलेच पाहिजेत: ‘शिकणे’ आणि ‘सांज’. हिंदीत ‘सीखना’ आणि ‘साँझ’. या दोन्हींत आधी महाप्राण नाही, तरी हकार गेलाय. दोन्ही शब्द ‘श’-‘स’ने सुरू होतात हे लक्षात येतं, आणि ‘स’मधला फुत्कार कानाला हकारासारखा भासला असेल असं म्हणायचा मोह होतो. पण मग ‘साठ’ आणि ‘सांधा’ शाबूत कसे? या दोन शब्दांचं उत्तर मला देता येत नाही, म्हणून मी ते फळ्यावर तसेच ठेवते.

आता ज्या शब्दासाठी मी हे सगळं मांडलं तो शब्द. संस्कृत ‘स्कन्ध’, प्राकृत ‘खंध’. त्यात दोन महाप्राण, ‘ख’ आणि ‘ध’. मराठीने मागचा सोडला: खांदा. हिंदीने पुढचा सोडला: कंधा. शब्द एक, अडचण एक, आणि दोन शेजारी भाषांनी नेमकी उलट निवड केली.

हे जिभेच्या सोयीतून कसं सांगणार? ‘एकदा’चं ‘एग्दा’ होतं तेव्हा दिशा ठरलेली असते, कारण घोष पुढून मागे सरकतो, आणि पुण्यातली जीभ काय नि प्रयागची काय, त्याच दिशेने सरकते. ‘खंध’ला अशी दिशाच नाही. शब्दात हकार कुठेतरी आहे हे दोन्ही भाषांना ठाऊक होतं. तो एक की दोन, आणि एकच असेल तर नेमका कुठे, एवढ्याच बाबतीत त्यांचं उत्तर वेगळं आलं. पण हा प्रश्न बोलणाऱ्याला पडतच नाही. आपण काय बोलतोय ते त्याला माहीत असतं. तो पडतो ऐकणाऱ्याला.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे ध्वनिशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी १९८१ मध्ये हीच गोष्ट मांडली, आणि मला ती आजही सर्वांत पटते. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं. बोलताना आवाज एकमेकांत मिसळतात, पातळ रंगासारखे एकमेकांवर पसरतात. ऐकणाऱ्याला याची सवय असते, आणि तो मनातल्या मनात ही पसरण वजा करतो. तुम्ही ‘एग्दा’ म्हणालात तरी मला ‘एकदा’च ऐकू येतं, कारण त्या ‘ग’मधला घोष ‘द’कडून आलाय हे माझ्या कानाला कळतं. ही वजाबाकी बहुतेक वेळा बरोबर होते. ती करायची राहिली, तर ऐकणारा पसरलेला रंग खरा धरतो आणि स्वतः तसंच बोलू लागतो: समीकरण. उलट ती जास्त झाली, म्हणजे शब्दात खरोखरच दोनदा असलेला आवाज ‘ही पसरणच असणार’ असं समजून एका ठिकाणी पुसला गेला, तर विषमीकरण.

हकाराला हे वर्णन चपखल बसतं. ‘भू’ म्हणून बघा. ‘भ’ सुटल्यावरही श्वास थांबत नाही, पुढचा ‘ऊ’ त्या श्वासातच भिजलेला येतो. हकार असा लांब पसरतो आणि जागाही सोडतो, याच्या खुणा भाषेत जागोजाग आहेत. ‘महिषी’मधला मधला ‘ह’ पुढे सरकून ‘म्हैस’ झाली. ‘बाष्प’मधून आलेला हकार हिंदीत शब्दाच्या तोंडाशी जाऊन बसला, ‘भाप’. आपल्याकडे तो शेवटीच राहिला, ‘वाफ’. आता ‘भूख’ ऐकणाऱ्या लहान मुलाची कल्पना करा. सबंध शब्दभर श्वास आहे. त्यातला शेवटचा श्वास ‘भ’चाच ओघळ आहे असं त्याच्या कानाने ठरवलं, तर त्याच्यापुरता तो शब्द ‘भूक’ झाला. ‘धंधा’चा ‘धंदा’ तसाच. त्या मुलाने आळस केला नाही. ऐकलेल्यातून बोलणाऱ्याच्या मनातला शब्द शोधायचं काम त्याने जरा जास्तच नेटाने केलं.

जे आवाज असे पसरतात त्यांचंच विषमीकरण प्रामुख्याने दिसतं: हकार, नाकातला आवाज, ‘र’ आणि ‘ल’. यांचा रंग आजूबाजूच्या स्वरांना लागतो. नुसता बंद होऊन सुटणारा ‘प’ किंवा ‘त’ असा पसरत नाही, म्हणून ‘पोपट’, ‘तात’, ‘दादा’ निर्धास्त असतात. जुन्या ‘पिपीलिका’चं पालीत ‘किपिल्लिका’ झालं, अशी उदाहरणं आहेत, पण थोडी. आणि जिथे दोन सारखे आवाज मुद्दाम आहेत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, तिथे लांब पसरणारा आवाजही वाचतो. ‘खळखळ’, ‘झणझण’, ‘धडधड’, ‘भडभड’ यांत हकार दोनदा आहे आणि दोन्ही शाबूत आहेत. शब्द दुणावलाय हे उघड असताना दुसऱ्या हकाराला ओघळ कोण समजेल? जिभेला दोन महाप्राण खरोखर जड असते, तर ‘धडधड’चं ‘धडदड’ कधीच झालं असतं.

समीकरण इतकं जास्त आणि विषमीकरण इतकं कमी का, याचं उत्तर आता हाताशी येतं. समीकरणाचं बी प्रत्येक वाक्यात पेरलेलं असतं. दोन आवाज शेजारी आले की पसरण होणारच, कारण जीभ, ओठ, गळा यांना वेळ लागतो. ते सगळ्यांच्या तोंडी आणि एकाच दिशेने होतं. मी ‘एग्दा’ म्हणते, तुम्ही म्हणता, शेजारची मावशी म्हणते. एखाद्या पिढीत वजाबाकी करायची राहून जायचा अवकाश, बदल तयारच असतो, आणि सगळ्यांकडे तोच तयार असतो.

विषमीकरणाला मात्र बऱ्याच गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. एकाच शब्दात तोच किंवा तसाच आवाज दोनदा यावा लागतो, आणि असे शब्द मुळात कमी. तो आवाज लांब पसरणारा असावा लागतो. आणि मुख्य म्हणजे ती चूक बोलणाऱ्याच्या तोंडात कुठेच नसते. त्याने ‘खंध’ स्वच्छ म्हटलेलं असतं. चूक एका कानात होते, आणि दुसऱ्या दिवशी आजी तोच शब्द ठासून म्हणाली की दुरुस्तही होते. वर प्रत्येक कानाची चूक एकाच दिशेची असेल असंही नाही. अंगणातल्या चार मुलांपैकी दोघांनी ‘खंद’ ऐकलं आणि दोघांनी ‘कंध’, तर एकाचं दुसऱ्याला पटत नाही, आणि सगळ्यांना मधलं ‘खंध’च धरून राहावं लागतं. समीकरणात माणसांच्या चुका एकमेकींत मिळून साचतात, इथे त्या एकमेकींना खोडतात. एखाद्या भाषेत त्या एकाच बाजूला झुकल्या तरच बदल टिकतो. मराठीत हकाराच्या बाबतीत तसं झालं, म्हणून आपल्याकडे निदान एक तरी जवळजवळ नियमित विषमीकरण आहे. ‘ल’च्या बाबतीत झालं नाही, म्हणून ‘नांगर’ आहे आणि ‘लिलाव’ही आहे.

या मांडणीला विरोधही आहे, आणि त्यातला एक पक्ष दमदार आहे. त्याचं म्हणणं असं की दोष कानाचा नसून वाक्याची आखणी करणाऱ्या मेंदूचा आहे. तोच आवाज लागोपाठ काढायचा हुकूम देताना मेंदू अडखळतो, जसा जिभेला गाठ मारणाऱ्या वाक्यांत अडखळतो. लहानपणचं वाक्य घ्या: काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले. हे भराभर म्हणताना खरंच काय चुकतं? माझ्या वर्गात मुलं हमखास ‘गोळे राळे’ म्हणतात. म्हणजे शेजारचा ‘ळ’ उचलून ‘र’च्या जागी ठेवतात. दोन वेगळे आवाज सारखे झाले. अडखळणारी जीभ समीकरणाकडे जाते, आणि म्हणून मला ती विषमीकरणाची आई वाटत नाही. मात्र एक प्रकार मी त्या पक्षाला मोकळेपणाने देते. ‘प्रोग्राम’चं ‘पोग्राम’ सर्रास ऐकू येतं, त्यात दोन ‘र’पैकी एक सरळ गळतो. जोडाक्षर जड म्हणून तो गळतो असं म्हणावं तर ‘पोगाम’ही ऐकू यायला हवं होतं, ते येत नाही. म्हणजे गळण्यामागे दुसरा ‘र’ आहेच. असं गळणं मेंदूच्या आखणीतून होत असेल हे मला मान्य आहे. ‘भ’चा ‘ब’ किंवा ‘ल’चा ‘न’ होणं मात्र गळणं नाही. तिथे ऐकणाऱ्याने एक नवा, पण भाषेत आधीच असलेला आवाज बसवलेला असतो.

आता ‘लंबर’. ‘नंबर’मध्ये नाकातले आवाज दोन आहेत, सुरुवातीचा ‘न’ आणि ‘ब’च्या आधीचा ‘म्’. मधला स्वर दोन्हीकडून नाकात ओढला जातो. ऐकणाऱ्याला ‘म्’ पक्का कळतो, कारण तो ‘ब’ला चिकटून आहे. सुरुवातीच्या आवाजातला नाकातला वारा त्या ‘म्’चाच पसारा समजून वजा केला, की दातांपाशी उरतो ‘ल’. हेच मराठीने फार पूर्वी एका शब्दात केलं आणि कुणी हसलं नाही. संस्कृत ‘निम्ब’, मराठी ‘लिंब’. गुढीपाडव्याला सदाशिव पेठेपासून सिंहगड रोडपर्यंत दारोदार कडुलिंबाचा डहाळा लागतो. ‘कडुनिंब’ही चालतं, कोशांत दोन्ही आहेत. सरबताचं ‘लिंबू’ तर हिंदीत ‘नींबू’ आहे, आणि प्रमाण मराठीत ‘निंबू’ म्हणणाराच वेगळा वाटेल.

त्या दिवशी चहाच्या टेबलावर हे सांगायला हवं होतं. जिथे ‘लिंबू’ला दहापैकी दहा मिळतात, तिथे ‘लंबर’ला चार मिळण्याचं ध्वनिशास्त्रात कारण नाही. कारण एवढंच की पहिला शब्द सगळ्यांनी स्वीकारला आणि दुसरा गावाकडच्यांच्या तोंडी राहिला. प्रमाण भाषेच्या स्पर्धेत ‘नंबर’ म्हणावं अशी अट घालायची तर घाला. ती अट आधी लिहून द्या, आणि ती रूढीची अट आहे असं सांगा. पण चुकीचं निदान मुलाच्या माथी मारू नका. ‘आळशी जीभ’ म्हटल्यावर मूल जिभेचे व्यायाम करत बसतं. त्याने ‘न’ हजारदा घोटला तरी ‘लंबर’ जाणार नाही, कारण ‘न’ त्याला उत्तम येतो. ‘नदी’, ‘नवरा’, ‘नाक’ तो नीटच म्हणतो. त्याच्या घरात तो शब्द मुळातच ‘लंबर’ असा आहे. ‘इथे नंबर म्हणतात’ एवढं एकदा प्रेमाने सांगितलं, तरी काम होतं.

आणि वर्गात, पाठ्यपुस्तकात ‘मुखसुख’ या शब्दाला समीकरणापुरतं ठेवावं. विषमीकरणाच्या पानावर ‘भूक’ आणि ‘खांदा’ ठेवावेत, शेजारी ‘राख’, ‘माथा’, ‘कुंभार’ ठेवावेत, आणि हकार कुठे गेला हे मुलांना स्वतः शोधू द्यावं. ‘शिकणे’ आणि ‘सांज’ही तिथेच ठेवावेत. आठवीच्या मुलाला हे झेपतं, मी बघितलंय.

एक शब्द मी सध्या कान देऊन ऐकतेय. ‘झुंझार’ आणि ‘झुंजार’, दोन्ही रूपं छापून येतात, दोन्ही लोकांच्या तोंडी आहेत. मागचा हकार इथे अजून पुरता पुसला गेलेला नाही. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव चालतो तेव्हा मी संध्याकाळी तिकडे फिरायला जाते. घोषणा देणारी पोरं जो उच्चार करतात तो वहीत टिपते, वयासकट आणि गावासकट.